सुकाणू नसताना फुगा वळतो कसा, आणि मुंबईतून तो का उडत नाही?

प्रश्न: पुष्करला गरम हवेच्या फुग्यात बसलो होतो. पायलट म्हणाला, "आता जरा उजवीकडे घेतो," आणि खरंच थोड्या वेळात फुगा उजवीकडे सरकू लागला. त्याने फक्त बर्नर लावला होता. मध्येच एक दोरी ओढली तेव्हा फुगा गोल फिरला, पण दिशा तीच राहिली. बर्नर बंद केल्यावरही आम्ही बराच वेळ वर जात होतो, ते का? आणि हे सगळं मुंबईत का करत नाहीत? मी दादरला राहतो.

उत्तर:

दोरीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. फुग्याच्या कुशीला उभ्या फटी असतात. दोरी ओढली की त्यातून गरम हवा एका बाजूला सुटते आणि फुगा स्वतःभोवती फिरतो. बास्केटची लांब बाजू उतरताना वाऱ्याच्या दिशेला आडवी यावी, एवढाच तिचा उपयोग. प्रवासाची दिशा त्याने तसूभरही बदलत नाही. दिशा बदलली ती बर्नरने, आणि तीही आडवळणाने. बर्नरने उंची बदलली, उंचीबरोबर वारा बदलला. फुगा चालवणं हे लोकल चालवण्यासारखं नाही, प्लॅटफॉर्मवर उभं राहून हवी ती लोकल पकडण्यासारखं आहे. तुम्ही फक्त जिने चढता-उतरता.

पण हवा तो वारा पकडायचा तर हव्या त्या उंचीवर थांबता आलं पाहिजे, आणि खरं कसब तिथे आहे. त्यासाठी आधी फुगा तरंगतो का ते नीट बघू.

"गरम हवा वर जाते" एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण त्यावरून फुगा समजत नाही. फुग्याचं तोंड खाली उघडं असतं. बर्नर लागला की आतली हवा प्रसरण पावते, आणि जास्तीची हवा त्या तोंडातून बाहेर पडते. आकार तोच राहतो, दाबही जवळपास बाहेरच्याइतकाच राहतो, फक्त आतल्या हवेचं वजन कमी होतं. बाहेरच्या तेवढ्याच जागेतल्या हवेपेक्षा आतली हवा जितकी हलकी, तितकं वजन फुगा उचलतो. बाकी काही नाही.

आकडे घेऊन बघा. चार-पाच माणसांचा साधा फुगा साधारण 2,970 घनमीटरचा असतो. आम्ही त्याला एक लाख पाच हजार घनफुटी म्हणतो. जानेवारीतल्या पहाटे मावळात, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, बाहेर 15 अंश तापमान आहे असं धरू. तिथल्या एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1.14 किलो भरतं. आतली हवा सरासरी 100 अंशांवर नेली की तीच 0.88 किलो भरते. फरक एका घनमीटरला पाव किलोच्या आसपास, म्हणजे अख्ख्या फुग्याला सुमारे 770 किलो. यातून कापड, बास्केट, बर्नर आणि चार भरलेले सिलिंडर यांचे साधारण 370 किलो गेले. उरलेल्या 400 किलोंत पायलट धरून पाच माणसं बसतात आणि हाताशी थोडं शिल्लक राहतं.

हाच फुगा मे महिन्यात मुंबईत आणा, बाहेर 30 अंश. समुद्रसपाटीला हवा दाट असते, म्हणून वाटतं फायदा होईल. पण बाहेरची हवाच गरम असल्यामुळे फरक कमी पडतो आणि 100 अंशांवर उचल 650 किलोंच्या आसपास येते. तीच पाच माणसं उचलायची तर आतली सरासरी 113 अंशांपर्यंत न्यावी लागेल. नायलॉनच्या कापडाची मर्यादा बहुतेक फुग्यांत 120 अंशांच्या घरात असते, आणि माथ्याजवळची हवा सरासरीपेक्षा नेहमी जास्त गरम असते. म्हणजे कापड जाळत उडायचं. असा हिशेब समोर आला की पायलट एका-दोघांना खाली ठेवतो, बर्नर जास्त वेळ लावत बसत नाही.

मुंबईकर इथे लगेच दमट हवेला दोष देतात. ती बिचारी निर्दोष आहे. बाष्पाने बाहेरची हवा किंचित हलकी होते हे खरं, पण फुग्यात भरलेली हवाही तीच दमट हवा असते. दोन्ही बाजू सारख्याच हलक्या झाल्या की फरक जवळपास तेवढाच राहतो. मारतं ते तापमान.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बर्नर बंद झाल्यावर फुगा वर का जात राहिला?

सिलिंडरमधला द्रवरूप प्रोपेन स्वतःच्याच दाबाने वर येतो, ज्योतीभोवतीच्या वेटोळ्या नळीतून जाताना त्याचा वायू होतो आणि मग तो पेटतो. एका बर्नरची ताकद साधारण 3 मेगावॅट. फुग्यातल्या हवेचं वजन सुमारे 2,600 किलो. ही सगळी हवा एका अंशाने तापवायला अशी ज्योत सेकंदभर लागते. एक अंश वाढला की उचल साधारण सात किलोंनी वाढते. म्हणजे हातातल्या खटक्याचा एक सेकंद म्हणजे सात किलो, असं मनात धरायला हरकत नाही. खर्चवेच वजा जाता थोडं कमीच.

सात किलो कशाला ढकलतात ते बघा. फुगा, माणसं आणि आतली हवा मिळून वस्तुमान 3.3 टनांच्या पुढे जातं, आणि शिवाय हलताना भोवतालची हवाही बाजूला सारावी लागते. पाच सेकंद ज्योत मारली की 35 किलोंचा जोर मिळतो, तो कित्येक टनांना हलवायला. सुरुवातीला काहीच झालं नाही असं वाटतं. दहा-पंधरा सेकंदांनी बास्केट हळूच उचलली जाते, आणि एकदा वेग आला की ज्योत बंद असली तरी तो लगेच जात नाही. तुम्ही अनुभवलंत ते हेच.

नवशिक्या पायलटची सगळी दमछाक इथे होते. ज्योत मारली, काही झालं नाही, म्हणून परत मारली. मग दोन्हींचा परिणाम एकदम येतो आणि फुगा पाहिजे त्याच्या दीडशे मीटर वर निघून जातो. घाबरून तो थंड होऊ देतो, मग फुगा खाली येऊ लागतो, पुन्हा घाईने मोठी ज्योत. खालून बघणाऱ्याला अशी लाट लगेच ओळखू येते. मुरलेला पायलट उंची दाखवणाऱ्या काट्याकडे कमी आणि चढ-उतारीचा वेग दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरकडे जास्त बघतो, आणि पंचवीस-तीस सेकंदांनी एक छोटी, दोन-चार सेकंदांची ज्योत या तालावर राहतो. ज्योतीचा परिणाम दिसायच्या आधी पुढची ज्योत ठरवायची असते. खाली येतानाही तेच. सेकंदाला अडीच मीटरने उतरत असलात तर जमिनीच्या 40–50 मीटर आधीच ज्योती सुरू व्हायला हव्यात. जमीन जवळ आल्यावर मारलेली ज्योत तुम्हाला वाचवत नाही, आपटून झाल्यावर परत वर उचलते.

उंचीवर एवढा ताबा आला की मग वाऱ्याचे थर वापरता येतात. उत्तर गोलार्धात एक ढोबळ नियम आहे: वर जाताना वारा बहुधा उजवीकडे वळतो, खाली येताना डावीकडे. जमिनीच्या घर्षणाने खालचा वारा मंदावतो, आणि मंदावला की पृथ्वीच्या फिरण्याचा त्याच्यावरचा परिणामही कमी होतो, म्हणून खालची आणि वरची दिशा जुळत नाही. पुष्करच्या पायलटने उजवीकडे जायला बर्नर लावला तो याच भरवशावर. पण हा नियम सपाट, मोकळ्या जमिनीचा आहे. डोंगर, दरी किंवा समुद्र जवळ असला की तिथले स्थानिक वारे त्याला गुंडाळून ठेवतात.

मावळातली एक हिवाळी सकाळ उदाहरणाला घेतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण ठेवण नेहमीची आहे. इंद्रायणीचं खोरं साधारण पश्चिमेकडून पूर्वेला उतरतं. रात्रभर डोंगरउतारावर थंड झालेली जड हवा खोऱ्यात उतरते आणि नदीसारखी पूर्वेकडे सरकते. तळाचा हा थर 60–80 मीटर जाडीचा, तासाला पाचेक किलोमीटरचा. त्याच्यावर दख्खनचा हिवाळी वारा असतो, ईशान्येकडून येणारा. म्हणजे खाली पूर्वेकडे ढकलणारा वारा आणि वर नैर्ऋत्येकडे.

उडण्याआधी आम्ही हेलियमचा एक छोटा फुगा सोडतो. त्याला पिबल म्हणतात. तो ठरावीक वेगाने चढतो, तेव्हा घड्याळ आणि होकायंत्र घेऊन कितव्या मिनिटाला कुठे वळला हे टिपलं की थर कळतात. आजच्या पिबलने असं दाखवलं: 80 मीटरपर्यंत पूर्वेकडे, 300 मीटरवर नैर्ऋत्येकडे तासाला 12 किलोमीटर, आणि 700 मीटरवर थेट पश्चिमेकडे 18 किलोमीटर. नैर्ऋत्येकडून पश्चिमेकडे म्हणजे उजवीकडे वळण, नियमाला धरूनच.

उतरायला जे कापणी झालेलं मोकळं शेत हेरलंय ते निघायच्या जागेपासून पाच किलोमीटरवर, पश्चिम आणि नैर्ऋत्य यांच्या बरोबर मधल्या दिशेला आहे. तिकडे थेट नेणारा वारा कुठल्याच हेरलेल्या थरात नाही. मग दोन थर वाटून घ्यायचे. शेत दक्षिणेला जितकं सरकलेलं आहे, म्हणजे 1.9 किलोमीटर, तितकं दक्षिणेकडे फक्त 300 मीटरचा थर नेऊ शकतो, आणि त्याला साडेतेरा मिनिटं लागतील. तेवढ्या वेळात पश्चिमेकडेही 1.9 किलोमीटर होतील. पश्चिमेचे उरलेले 2.7 किलोमीटर 700 मीटरच्या थरात नऊ मिनिटांत. म्हणून आधी 14 मिनिटं खालच्या मजल्यावर, मग चढून नऊ मिनिटं वर. चढता-उतरताना मधल्या थरांतून जाताना जे सरकणं होतं ते डोळ्यांनी दुरुस्त करायचं. समोरच्या दोन खुणा, म्हणजे एखादं झाड आणि मागचं देऊळ, एका रेषेत धरायच्या. झाड देवळाच्या डावीकडे सरकू लागलं तर आपण उजवीकडे चाललोय. कागदावरचं गणित निघेपर्यंत चालतं, वर गेल्यावर हेच जास्त उपयोगी पडतं.

शेवटचा टप्पा लोक विसरतात. उतरताना तळाच्या त्या पूर्ववाहिनी थरातून जायचंच आहे. त्यात दोन-अडीच मिनिटं गेली की फुगा 200 मीटर मागे, पूर्वेकडे ढकलला जातो. म्हणून शेताच्या बरोबर डोक्यावर नाही, त्याच्या थोडं पुढे गेल्यावर खाली यायचं. शेताच्या वर येऊन उतरणारा पायलट अलीकडच्या उसात किंवा विजेच्या तारांजवळ पोचतो. तारांशी गाठ पडणं हा फुग्याच्या उड्डाणातला सर्वांत वाईट प्रसंग, त्यामुळे अंदाज चुकतोय असं वाटलं तर वेळीच ज्योत मारून वर जायचं आणि पुढचं शेत बघायचं.

तळाचा थर अजून आहे की उन्हाने विरला, हे उतरायच्या आधी कळावं लागतं. खेड्यातल्या चुलीचा धूर बघायचा. धूर नसेल तर दाढीच्या फेसाचा एक गोळा बास्केटमधून सोडायचा आणि तो खाली जाताना कुठे सरकतो ते पाहायचं. काही जण सरळ थुंकतात. पाहुणे बघत असले तरी.

थर बदलल्याची खूण शरीरालाही कळते. एरवी फुगा वाऱ्याबरोबरच जात असल्यामुळे बास्केटमध्ये वारा लागत नाही. अचानक गालाला झुळूक लागली तर समजायचं की फुगा नव्या थरात शिरतोय आणि अजून जुन्याच वेगाने चाललाय. तळापासून माथ्यापर्यंत फुगा वीस-पंचवीस मीटर उंच असतो, तेव्हा माथा एका थरात आणि बास्केट दुसऱ्यात असंही होतं. दोन थरांत वेगाचा फरक मोठा असेल तर कापड एका बाजूने दबतं, तोंड चिंबतं, आणि त्या वेळी लावलेली ज्योत कापडाला लागू शकते. तोंडाजवळचा पट्टा आग न धरणाऱ्या कापडाचा असतो तो यासाठीच.

दुसरी खूण तापमापकाची. हिवाळ्यात खोऱ्याच्या तळाशी हवा थंड आणि वर उबदार, असं उलटं असतं. तळाच्या 15 अंशांतून चढून 20 अंशांच्या हवेत शिरलात की सुमारे 60 किलो उचल एकदम गायब होते. फुगा त्या पातळीला छताला टेकल्यासारखा अडतो, जवळपास आठ-नऊ सेकंदांची जादा ज्योत दिली की मग पार होतो. उतरताना उलट. थंड हवेत शिरताच फुगा आपोआप जड वाटेनासा होतो आणि खाली जायला नकार देतो. अशा वेळी माथ्याची झडप दोरीने थोडी उघडून गरम हवा सोडावी लागते. हा अडथळा वाईट नाही. दोन्ही वारे एकमेकांवरून सरकतात ती सीमा बहुधा इथेच असते, त्यामुळे तापमान वाढू लागलं की दिशा बदलणार हे आधीच कळतं.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की शहरात ऑक्टोबरमध्ये असेच दोन विरुद्ध थर सकाळी बऱ्याचदा मिळतात. खालचा वारा रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे, वरचा उत्तरेकडे. पायलट खालून जातात, वर चढून परत येतात आणि कधीकधी निघाले त्याच मैदानात उतरतात. 1972 पासून तिथे फुग्यांचा मोठा मेळा भरतो, त्याला या वाऱ्यांचा हातभार आहे.

आता मुंबई. इथे तुम्हाला कुठला थर मिळेल ते बघा. फुग्याला शांत हवा लागते, म्हणून उड्डाण सूर्योदयानंतरच्या दोन-तीन तासांत किंवा मावळतीच्या आधी. हिवाळ्यातल्या पहाटे मुंबईत मतलई वारे वाहतात, जमिनीकडून समुद्राकडे. त्यांच्यावरचा हिवाळी वाराही बहुधा उत्तर-ईशान्येचाच असतो. शिवाजी पार्कवरून निघालात तर खालचा मजला थेट अरबी समुद्रात नेतो, आणि त्याच्यावरचाही समुद्रातच. डावी-उजवी करायला थर आहेत, पण सगळ्यांचं शेवटचं स्टेशन पाण्यात. खारे वारे सुरू होऊन दिशा पलटते ती दुपारच्या सुमारास, आणि तोवर तापलेल्या जमिनीवरून उसळणारी हवा फुग्याला वरखाली हिसके देऊ लागते. त्या वाऱ्याने आत गेलात तरी उतरायचं कुठे? कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत एक सलग मोकळं मैदान शोधून दाखवा ज्याच्या कडेने तारा नाहीत. वर सांताक्रूझ, जुहू आणि आता नवी मुंबई अशा विमानतळांचं आकाश. परवानगीचा प्रश्न त्यानंतर येतो.

तरीही मुंबईतून एक मोठं उड्डाण झालंय. 26 नोव्हेंबर 2005 रोजी विजयपत सिंघानिया महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून निघाले, 21,027 मीटर उंची गाठून गरम हवेच्या फुग्याच्या उंचीचा जागतिक विक्रम केला आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नरच्या बाजूला उतरले. दिशा लक्षात घ्या, ईशान्य. समुद्रापासून दूर. तुमच्या-आमच्या फुग्याला मिळणारे पहिले काहीशे मीटर त्यांना झटक्यात ओलांडायचे होते. बंद, दाब राखणारी केबिन, अनेक बर्नर आणि प्रचंड आकाराचा फुगा असल्यामुळे त्यांना कितीतरी किलोमीटर उंचीवरचे वारे वापरता आले, जे आतल्या भागाकडे नेत होते. पाच माणसांच्या उघड्या बास्केटला तो मार्ग नाही. तीन हजार मीटरच्या वर ऑक्सिजनचा विचार सुरू होतो आणि इंधनही पुरत नाही. तासाला 30–40 किलो प्रोपेन लागतो, आणि चार सिलिंडरमध्ये मिळून साधारण 80 किलोच असतो.

मुंबईत मेळ्यांमध्ये दिसतात ते दोरांनी बांधलेले फुगे. लोकांना वाटतं बांधलेला म्हणजे जास्त सुरक्षित, पण वाऱ्याच्या बाबतीत तो जास्त नाजूक असतो. मोकळा फुगा वाऱ्याबरोबर जातो म्हणून त्याला वारा लागत नाही. बांधलेल्याला सगळा वारा अंगावर घ्यावा लागतो, कापड चेपतं, दोरांवर झटके बसतात. त्यामुळे मोकळ्या उड्डाणाला जमिनीवर तासाला पंधरा किलोमीटरपर्यंतचा वारा चालतो, बांधलेल्याला त्याच्या निम्माही पायलटला नकोसा वाटतो. दादरच्या चौपाटीवर संध्याकाळी झेंडा फडफडत असेल तर त्या दिवशी तिकीट काढू नका.